शिक्क्याची कॉफी

गेल्या चातुर्मासात पांढुर्ण्याला आमच्या मंडळातल्या एका वहिनींकडे दुपारच्या बसायला आम्ही आठ-दहा जणी जमलो होतो. दिवस मावळायच्या आत आपापल्या घरी पोचायचं असतं, म्हणून आमच्या बैठका चारलाच सुरू होतात. वहिनींनी ट्रेमध्ये कॉफी आणली आणि ट्रे खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "ही साधी नाही हं. ऑर्गेनिक आहे. नागपूरहून मागवली."

मग पाकीट हातोहात फिरलं. हिरवं पान, हिरवा शिक्का, डोंगराचं चित्र. पाव किलो साडेसहाशे रुपये. सौसरहून आलेल्या माझ्या नणंदेनं पाकीट उलटसुलट केलं न् म्हणाली, "पैसा जाईल तं जाईल बाई, पण पोटात जहर तं जाणार नाही नं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. इतकंच नाही, पुढच्या आठवड्यात दोन पाकिटं मागवली आणि घरी आलेल्या प्रत्येकीला तो शिक्का दाखवला. म्हणजे हे जे भांडण मी आज मांडते आहे, त्यात पहिली आरोपी मीच आहे.

माझा डोळा उघडला तो हिशेबाच्या वहीनं. आमच्याकडे सकाळी दोघंच कॉफी पितात, एकेक कप. फिल्टरची कॉफी करायची तर कपाला दहा ग्रॅम पूड लागते, आणि दुपारी पुन्हा दोन कप होतात. दिवसाला चाळीस ग्रॅम, महिन्याला बाराशे. साधी कॉफी पाव किलो तीनशेला मिळते, ही साडेसहाशेला. महिन्याचा फरक सोळाशे ऐंशी रुपये. वर्षाचे वीस हजारांवर गेले. वहीत आकडा लिहिला तेव्हा वाटलं, एवढ्या पैशात आपण नेमकं काय विकत घेतलं, ते तरी बघावं. बघायला बसले, आणि जे सापडलं ते आमच्या मंडळात कोणी बोलत नव्हतं.

आधी जहराचं बोलू. कॉफीच्या झाडावर औषध मारतात का? मारतात. कर्नाटकातल्या कोडगू, चिकमंगळूरकडे जी अरेबिका जातीची कॉफी होते, तिचा मोठा शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. त्याचा भुंगा सालीच्या भेगांत अंडी घालतो, अळी खोडात शिरते आणि आतून पोखरत जाते. झाड पिवळं पडतं न् वाळतं. यावर क्लोरपायरीफॉससारखं औषध खोडाला चोपडायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. दुसरा शत्रू पानावरचा तांबेरा. त्यासाठी मोरचूद आणि चुना मिसळून केलेलं बोर्डो मिश्रण फवारतात, ते आपल्या संत्र्याच्या बागांतही चालतं. रोबस्टा जातीला या दोन्ही गोष्टींचा त्रास कमी, म्हणून तिच्यावर फवारेही कमी. आपल्याकडे चिकोरी मिसळून मिळते ती कॉफी, न् झटपट विरघळणारी कॉफी, यांत बहुतेक करून ही रोबस्टाच असते. म्हणजे मुळात ज्या स्वस्त कॉफीला आपण नाकं मुरडतो, तिच्या झाडाला महागड्या अरेबिकेपेक्षा कमी औषध लागत असेल. हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल.

आता हे औषध कपापर्यंत कसं येईल, ते बघा. खोडाला चोपडलेलं औषध खोडावर राहतं. फवारलेलं औषध फळाच्या सालीवर बसतं. कॉफीचं फळ बोराएवढं, लाल. त्याची साल काढतात, गर धुऊन काढतात, आत एक टणक टरफल असतं, ते गिरणीत निघतं, त्याखाली चंदेरी पापुद्रा असतो. एवढं सगळं गेल्यावर बी हाती येतं. मग ते बी दोनशे अंशांच्या वर भाजतात. या भट्टीत बहुतेक कीटकनाशकं मोडतात किंवा उडून जातात. सगळी जातात असं मी म्हणणार नाही, पण जे थोडं उरतं त्यातलं तेलकट औषध पाण्यात नीट उतरत नाही, चोथ्यातच राहतं. द्राक्ष आपण सालीसकट खातो, कोथिंबीर कच्ची चिरून वरून टाकतो. कॉफीची गोष्ट तशी नाही.

तरी मनाचं समाधान होत नाही ना? मग वाईटातलं वाईट धरू. समजा कच्च्या बीत क्लोरपायरीफॉस किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम निघालं, आणि समजा भाजताना त्यातलं काहीच गेलं नाही, सगळंच्या सगळं कपात उतरलं. दोन कपांची पूड वीस ग्रॅम. तेवढ्यात हे औषध होतं ०.००१ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-शेती संघटना यांच्या संयुक्त समितीनं रोज आयुष्यभर पोटात गेलं तरी चालेल अशी या औषधाची जी मर्यादा धरली, ती साठ किलोच्या बाईला दिवसाला ०.६ मिलिग्रॅम येते. म्हणजे आपल्या दोन कपांत तिचा सहाशेवा भाग, आणि तोही न भाजलेल्या कॉफीचा. खरं तर हे औषध चांगलं नाहीच. पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो या भीतीनं युरोपनं कुठलीच मर्यादा सुरक्षित मानायला नकार दिला आणि २०२० पासून ते बंद केलं. मी त्याची वकिली करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या औषधाची भीती वाटत असेल तर कॉफीचा कप ही ती भीती शोधायची शेवटची जागा आहे. आपल्या देशातल्या तपासण्यांत औषधांचे अंश वारंवार सापडतात ते हिरव्या मिरचीत, कढीपत्त्यात, भाज्यांत. ती मिरची आपण रोज फोडणीत घालतो आणि तिच्यासाठी वर्षाला वीस हजार जास्त मोजायचा विचार एकीच्याही डोक्यात येत नाही. कारण मिरचीच्या पुडीवर डोंगराचं चित्र नसतं आणि मिरची ट्रेमध्ये ठेवून कोणाला दाखवता येत नाही. बोचेल, पण मला स्वतःला बोचलं तेव्हाच मी लिहायला बसले.

आता त्या हिरव्या शिक्क्याकडे येऊ. तो शिक्का म्हणजे कपाची तपासणी झाली, असं आपण समजून चालतो. तसं नाही. आपल्याकडे सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे, आणि तो मुळात शेती कशी केली याचं प्रमाणपत्र देतो. कॉफी हे वर्षानुवर्षं टिकणारं झाड, म्हणून तीन वर्षं त्या जमिनीत बंदी असलेलं खत-औषध वापरायचं नाही, तेव्हा तो माल सेंद्रिय म्हणून विकता येतो. नोंदी ठेवायच्या, निरीक्षक येऊन नोंदी न् मळा बघतो, संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. प्रत्येक पाकीट तपासलं जात नाही, ते शक्यही नाही.

आणि शून्य औषध असंही हा शिक्का सांगत नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ साली आले. त्यांत सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अंश साध्या मालाच्या मर्यादेच्या पाच टक्क्यांपर्यंत, किंवा यंत्राला मोजता येईल अशा सर्वांत लहान आकड्यापर्यंत, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत चालतो. नियम करणाऱ्यांनी हे शहाणपणानं केलं आहे. शेजारच्या मळ्यातून वाऱ्यानं थेंब येतात, जुन्या मातीत जुनं औषध असतं. पण "जहर शून्य" असं मनाशी म्हणत जी बाई पाकीट घेते, तिला नियमानं तसं वचन दिलेलंच नाही.

सेंद्रिय मळ्यात फवारे होतच नाहीत, हीही आपली समजूत. बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत चालतं. तांबं मातीत साठत जातं, म्हणून त्यावर बंधन आहे, पण बंदी नाही. आणि आता जी गोष्ट सांगते ती आपल्या घरांत खास महत्त्वाची. आमच्या त्या बैठकीत एक काकू म्हणाल्या होत्या, "चांगलंच आहे वं, सेंद्रिय म्हणजे जीवहिंसा नाही." मी घरी येऊन नियमांची परिशिष्टं वाचली. सेंद्रिय शेतीत हाडांचा चुरा, रक्ताची पूड, मासळीचं खत यांना मनाई नाही, अटी घालून परवानगी आहे. खोडकिड्याचं झाड सापडलं की उपटून अळीसकट जाळायचं, हा तर सेंद्रिय मळ्यातला मुख्य उपाय आहे, कारण दुसरा जालीम उपाय त्यांच्याकडे नसतो. फळ पोखरणाऱ्या किड्यासाठी सापळे लावतात, किड्याला रोग आणणारी बुरशी फवारतात. शेती म्हटली की हे आलंच, मी त्या शेतकऱ्याला दोष देत नाही. पण अहिंसेचा म्हणून कोणी तो शिक्का घेत असेल, तर तिनं पाकिटावर न लिहिलेलं वाचलं आहे. ज्यांना हा प्रश्न खरोखर टोचतो, त्यांनी उत्पादकाला सरळ विचारावं, खतात हाडांचा चुरा घालता का. शिक्का याचं उत्तर देत नाही.

तपासणी कशी होते, तेही बघण्यासारखं आहे. आपल्याकडे सेंद्रिय कॉफीचा बराच माल आंध्रातल्या अरकू खोऱ्यासारख्या भागांतल्या छोट्या आदिवासी शेतकऱ्यांचा. एकेकाला स्वतंत्र प्रमाणपत्र परवडत नाही, म्हणून त्यांचे गट करतात. गटात पंचवीसपासून पाचशेपर्यंत शेतकरी. गटाचे स्वतःचे लोक सगळ्यांची शेतं बघतात आणि बाहेरचा निरीक्षक येतो तो निवडक शेतांवर. किती? बरीच वर्षं यात वर्गमूळाचा हिशेब चालत आला. चारशे शेतकऱ्यांचा गट असेल तर चारशेचं वर्गमूळ वीस. वीस शेतं बाहेरच्या माणसानं बघितली, तीनशे ऐंशी शेतांसाठी गटाच्या वहीवर विश्वास. मला यात फसवणूक दिसत नाही. डोंगरातल्या चारशे तुकड्यांवर दरवर्षी बाहेरचा माणूस पाठवायचा खर्च त्या कॉफीला झेपणार नाही. पण आपण साडेसहाशे मोजतो ते एका वहीवरच्या विश्वासासाठी मोजतो, एवढं तरी ठाऊक असावं.

विश्वास कुठे तुटतो, ते मात्र आपल्याला चांगलं कळायला हवं, कारण आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या बाया आहोत. माझ्या सासरी अडतीचं काम होतं. गोदामात बारदानाच्या थप्प्या असायच्या आणि सासूबाई आम्हाला त्यावर बसू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, कोणत्या गोणपाटात आधी काय होतं ते देवाला ठाऊक. २००८ साली जपाननं इथिओपियाच्या कॉफीत लिंडेन, हेप्टाक्लोर, क्लोरडेन अशी जुनी, कडक औषधं पकडली. इथिओपियातल्या बहुतेक कॉफीवर शेतकरी औषध मारतच नाही, त्याला ते परवडत नाही. मग आलं कुठून? संशय गेला तो ज्यूटच्या गोण्यांवर. मळा स्वच्छ, बी स्वच्छ, आणि बारदान बाटलेलं. जपाननं माल अडवला आणि त्या गरीब देशाच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा दरवाजा बंद झाला. ही गोष्ट वाचली तेव्हा सासूबाई आठवल्या.

म्हणूनच सेंद्रियच्या नियमांत मळ्यापासून पाकिटापर्यंत ज्याच्या ज्याच्या हातून माल जातो, त्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र लागतं. सोलणारी गिरणी, भाजणारा, पाकीट भरणारा. माल हलला की त्या मालाची, त्या वजनाची पावती हलते. साखळीतला एक जण प्रमाणपत्राविना असेल तर पुढचा माल सेंद्रिय राहत नाही, मळा कितीही शुद्ध असो. तेव्हा दुकानातल्या काचेच्या बरणीतून सुटी काढून, कागदी पिशवीत भरून, वर हातानं ऑर्गेनिक लिहून दिलेली कॉफी म्हणजे बरणीवाल्याचा शब्द, दुसरं काही नाही. मी एका दुकानात असं विचारलं, "भाऊ, सेंद्रिय आहे कशावरून?" तो म्हणाला, "ताई, पोत्यावर लिहिलेलं होतं." पोतं कुठंय विचारलं, तर विकून टाकलं म्हणे!

आणि पावत्याही खोट्या होतात. हे तर आपल्या कापसाच्या मुलखात सांगायला नको. सौसर-पांढुर्ण्याच्या काळ्या जमिनीत संत्र्याइतकाच कापूस होतो, आणि सेंद्रिय कापसात आपलं मध्य प्रदेश देशात पुढे आहे. २०२० साली सेंद्रिय कापडाचा जागतिक दर्जा सांभाळणाऱ्या गॉट्स या संस्थेनं जाहीर केलं, की भारतातून खोट्या पावत्यांवर वीस हजार टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. पुढच्या वर्षी जानेवारीत अमेरिकेनं आपल्या सेंद्रिय तपासणीवरची मान्यता काढून घेतली आणि आमचेच तपासनीस तपासतील असं सांगितलं. मी हे उगाळत नाही. प्रामाणिक गट पुष्कळ आहेत, आणि खोट्यांमुळे त्यांचंच पहिलं नुकसान होतं. पण शिक्क्यापुढे हात जोडायचे कारण नाही.

एवढं झाल्यावर तुम्ही म्हणाल, मग जहर नाहीच का? आहे. भरपूर आहे. फक्त ते आपण शोधतो त्या जागी नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-मजूर मेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कोणाला दिसेनासं झालं, कोणी बेशुद्ध पडलं. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर वाढलेली, त्यामुळे फवारा थेट तोंडावर. मिश्रणं कडक, पंप जोरदार, तोंडाला फारतर रुमाल. त्या औषधाचा किती अंश त्या कापसाच्या सदऱ्यात उरला, असं कोणी विचारलं का? त्यांच्या छातीत गेलं, तेवढंच.

हे लांबचं वाटतं ना. मग जवळचं सांगते. ऑर्गेनिक कॉफीचं दुसरं पाकीट आलं त्याच आठवड्यात मी आमच्या नात्यातल्या एका संत्रा बागेत गेले होते. आंबिया बहाराची फळं झाडावर होती. एक विशीतला मुलगा पाठीवर पंप घेऊन फवारत होता. पायात चपला, तोंड उघडं. बांधावर औषधाची बाटली, तिच्यावरच्या चौकोनात पिवळा त्रिकोण. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याच्याखालचा पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे सरकारनंच ठरवून दिलेलं आहे. मी विचारलं, मास्क नाही का रे? तो म्हणाला, "गरम होते काकू. अन् सवय आहे." बागमालक, म्हणजे आमचाच माणूस, सावलीत बसून मला सांगत होता की हल्ली लोक सेंद्रियच्या मागे लागलेत, आपल्यालाही एखादी कॉफी सुचव.

त्या दिवशी संध्याकाळी मला ते पाकीट बघवेना. ज्या जहराला भिऊन मी महिन्याला सोळाशे ऐंशी रुपये जास्त देत होते, ते तिथे त्या मुलाच्या मनगटावरून ओघळत होतं. सोळाशे ऐंशीत हातमोजे, चष्मा, चांगला मास्क आणि रबरी बूट येतात. आम्ही ते घेऊन दिले. तो घालतो का? कधी घालतो, कधी नाही. उन्हाळ्यात खरोखरच गरम होतं. फवारणी सकाळी लवकर करायची, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं तोंड करून नाही, असं ठरवल्यावर जरा बरं झालं.

मग सेंद्रिय कॉफीला जास्त पैसे द्यायचेच नाहीत का? माझं उत्तर असं. स्वतःच्या पोटासाठी म्हणून नका देऊ, हिशेबात ते बसत नाही. ज्या डोंगरात ती पिकते तिथल्या माणसांच्या हातावर, त्यांच्या ओढ्यात औषध जाऊ नये म्हणून द्यायचे असतील, तर जरूर द्या. तो शिक्का नेमकं तेच सांगतो, की इथे खोडाला क्लोरपायरीफॉस चोपडलेलं नाही, तणावर पॅराक्वाट मारलेलं नाही. ते काम करणाऱ्या बाईला त्याचा फायदा आपल्यापेक्षा हजार पटींनी आहे. पण तिला मजुरी किती मिळाली, हे तो शिक्का सांगत नाही. त्यासाठी फेअरट्रेडसारखे वेगळे शिक्के आहेत, आणि ते असले म्हणजे माल सेंद्रिय असतोच असं नाही. बेडकाचं चित्र असलेला रेनफॉरेस्ट अलायन्सचा शिक्काही सेंद्रियचा नव्हे, त्यात काही औषधं चालतात. अरकू, कोडगू, चिकमंगळूर, वायनाड यांच्या कॉफीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते माल कुठला आहे तेवढंच सांगतं. आणि सगळ्यांत मोठी फसगत होते ती "नॅचरल" या शब्दानं. कॉफीच्या धंद्यात नॅचरल म्हणजे फळ न सोलता सालीसकट उन्हात वाळवलेली कॉफी. वाळवायची रीत आहे ती. त्या फळावर काय फवारलं, याच्याशी तिचा संबंध नाही. आमच्या वहिनींनी पुढच्या वेळी नॅचरल लिहिलेलं पाकीट आणलं आणि "ही तर अजूनच शुद्ध" म्हणून वाढली, तेव्हा मला हसू आवरेना. मग सांगितलं, तर जरा रागावल्याच.

घ्यायचंच असेल तर पाकीट उलटं करा, चित्राकडे बघू नका. मागे 'जैविक भारत' हा शिक्का, त्याच्यासोबत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव न् क्रमांक, आणि चौदा आकडी परवाना हवा. शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेतं तपासून दिलेली पीजीएस नावाची दुसरी एक सरकारमान्य पद्धत आहे. तिच्यात नुसतं 'ग्रीन' लिहिलेलं असेल तर ती जमीन अजून बदलाच्या वर्षांत आहे, पूर्ण सेंद्रिय झालेली नाही, आणि त्या मालाला पूर्ण भाव देऊ नये. चिकोरी मिसळलेली असेल तर टक्का लिहिणं बंधनकारक आहे, तोही वाचा. निम्मी चिकोरी असलेल्या पाकिटावर सेंद्रिय कॉफीचे पैसे मोजणारी बाई मी पाहिली आहे.

एक पाकीट मात्र मी शिक्क्याशिवाय घेते. आपल्या वरुड-मोर्शी-परतवाड्यावरून वर चढलं की चिखलदरा. महाराष्ट्रात कॉफी होते ती तिथेच, इंग्रजांच्या वेळेपासून. गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. झाडाच्या दाट सावलीत ती काळपट हिरवी झुडपं, लाल फळं. खोडकिड्याच्या भुंग्याला ऊन पडलेलं खोड आवडतं, सावलीत त्याचा जोर कमी होतो, त्यामुळे सावली हेच तिथलं पहिलं औषध. विकणाऱ्या बाईला मी विचारलं, औषध मारता का? ती म्हणाली, "मारायला पैसे कुठून आणू?" तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. स्वतः पिकवून थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्यातून सूटही आहे. तिचं बोलणं खरं होतं का? मी झाडं पाहिली, खोडं पाहिली, सावली पाहिली, तिला दोन उलटे प्रश्न विचारले. साडेतीनशे कपाटांत बंद असलेल्या वहीपेक्षा मला ते पुरेसं वाटलं. चुकतही असेन. कॉफी भाजलेली जरा जास्तच होती, कडू लागते, हेही सांगून ठेवते.

बाकी वर्षभर आम्ही आता साधीच कॉफी पितो, तीनशेवाली. वाचलेल्या पैशांतले काही त्या बागेतल्या सामानाला गेले, काही मिरची-कोथिंबिरीला. आमच्या रस्त्यावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशीला तिच्या वाडीतली, फवाऱ्यानंतर औषधाच्या कागदावर लिहिलेले दिवस उलटल्यावर तोडलेली मिरची दुप्पट भावानं घेते म्हणून सांगितलं आहे. पहिल्यांदा तिला वाटलं मी थट्टा करते.

नणंदेला हे सगळं फोनवर सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हे सगळं खरं असंन वहिनी, पण माह्या घरी पाहुणे आले तं मी हिरव्या शिक्क्याचीच करीन. साधी दिली तं काय म्हणतील?" मी म्हटलं, दे. पण मग ते पाहुण्यांसाठी आहे असं म्हण, पोटासाठी म्हणू नको. आणि तुमच्या सौसरच्या बागेत फवारायला येतो त्याच्या हातात मोजे आहेत का, ते आधी बघून ये. तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, बुटांचा नंबर किती विचारायचा होता.